अर्श की परिकर्तिका? निदानातील एक नित्याची गल्लत आणि घरगुती उपचारांचे स्थान

आपल्या मराठवाड्यात गुदभागी काहीही दुखू लागले, खाजले, सुजले अथवा रक्त दिसले, की रुग्ण एकच नाव सांगतो, ‘मूळव्याध’. हा शब्द रुग्णाच्या तोंडी येताच पुष्कळदा निदान तेथेच संपते. वैद्य अर्शोघ्न वटी लिहितो, औषधी दुकानदार पोट साफ करणारे चूर्ण पुढे करतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी सुरणाची भाजी व ताक सुरू करतात. ज्याला खरोखर अर्श आहे त्याला यातून बराच लाभही होतो. परंतु ज्याला परिकर्तिका, म्हणजे व्यवहारातील ‘फिशर’ आहे, त्याला याच उपचाराने अपाय होऊ शकतो. ही गल्लत आमच्याकडूनही झालेली आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या दोन व्याधींतील भेद आणि त्यांना उपयुक्त ठरणारे घरगुती उपाय, एवढ्याच विषयाचा विचार करणार आहोत.

प्रथम एक रुग्ण पाहू. वाळूज औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला काम करणारे ३४ वर्षांचे एक गृहस्थ वैशाखात आमच्याकडे आले. ‘पाच आठवड्यांपासून मूळव्याध आहे’ ही त्यांची पहिली तक्रार. उन्हाळ्याचे दिवस, कारखान्यात घाम भरपूर, पाणी पिणे कमी, आणि रात्री दोन वाजता डब्यातील भाकरी-ठेचा हे जेवण. एके दिवशी मल फार कठीण झाला, कुंथावे लागले आणि काहीतरी चिरल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी मलावर तांबड्या रक्ताची बारीक रेघ दिसली. त्यांनी ओळखीच्या दुकानातून सोनामुखीयुक्त रेचक चूर्ण व एक तीक्ष्ण अर्शोघ्न वटी आणली. चूर्णाने मल सुटेना म्हणून मात्रा स्वतःच दुप्पट केली. तिसऱ्या दिवशी सात पातळ जुलाब झाले, आणि जी वेदना शौचाच्या वेळेपुरती होती ती आता शौचानंतर दोन-तीन तास टिकू लागली. आमच्याकडे आले तेव्हा ते खुर्चीवर एका बाजूला कलून बसले होते. शौचाच्या भीतीने त्यांनी रात्रीचे जेवण निम्म्यावर आणले होते, आणि भाकरी ‘उष्ण’ म्हणून सोडून पाव-बिस्किटे सुरू केली होती.

त्यांना आम्ही तीन गोष्टी विचारल्या. वेदना नेमकी केव्हा सुरू होते आणि किती वेळ टिकते? रक्त कसे येते, मलावर रेघ उमटते की नंतर थेंब गळतात? आणि काही बाहेर येते का, येत असल्यास आपोआप आत जाते का? त्यांचे उत्तर असे होते की, वेदना मल बाहेर पडताना काच घासावी तशी होते आणि नंतर तासन्‌तास जळजळ व ठणका राहतो. रक्त थोडे, रेघेसारखे किंवा पुसताना दिसणारे. बाहेर काही येत नाही. एवढ्यावरून परिकर्तिकेचे निदान जवळजवळ निश्चित झाले होते.

या तीन प्रश्नांमागील कारण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. गुदद्वाराच्या अगदी खालच्या भागातील त्वचा अतिशय संवेदनशील असते, तर तिच्या वरच्या भागातील श्लेष्मल आवरणाला अशी तीव्र वेदना जाणवत नाही. आभ्यंतर अर्श या वरच्या भागातील रक्तवाहिन्यांच्या उशांपासून बनतात. त्या फुगतात, खाली सरकतात, त्यांचे नाजूक आवरण मलाने खरवडले जाते आणि शौचाच्या शेवटी लालभडक रक्ताचे थेंब, क्वचित पिचकारीदेखील येते. पण दुखत नाही. परिकर्तिका मात्र खालच्या संवेदनशील त्वचेला पडलेली चीर असते. ती दुखते, आणि दुखण्याने गुदसंवरणी आंतर पेशी आकसते. आकसलेल्या पेशीमुळे चिरेकडे, विशेषतः पाठीकडील मध्यरेषेकडे, आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी कमी होतो. मग चीर भरत नाही, पुढच्या शौचाला ती पुन्हा फाटते, रुग्ण भीतीने मल रोखतो, रोखलेला मल अधिक कठीण होतो. शौचानंतर तासन्‌तास टिकणारी वेदना ही या आकसलेल्या पेशीची वेदना असते. अर्शात असे चक्र नसते. म्हणून ‘रक्त आहे पण दुखत नाही’ आणि ‘दुखते पुष्कळ, रक्त थोडे’ ही दोन वाक्ये रुग्णाच्या तोंडून नीट काढून घेतली, तर अर्धे काम होते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बाह्य अर्शात रक्त गोठले तर गुदद्वारी अचानक, काही तासांत, निळसर, टणक, वाटाण्याएवढी ते द्राक्षाएवढी गाठ येते आणि ती अतिशय दुखते. परंतु ही वेदना शौचाशी बांधलेली नसते. बसताना, चालताना, दिवसभर असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वाधिक असते आणि पुढे ओसरते. गाठ डोळ्यांना दिसते, चीर दिसत नाही. आभ्यंतर अर्श बाहेर येऊन अडकला तरी तो दुखतोच. पण तेव्हा रुग्ण वेदनेऐवजी ‘आत जात नाही’ हेच आधी सांगतो.

आता परीक्षणाकडे येऊ. आमच्या रुग्णाला डाव्या कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घ्यायला सांगून, दोन्ही नितंब अंगठ्यांनी हलके विलग केले आणि त्यांना किंचित कुंथायला सांगितले. पाठीकडील मध्यरेषेत, म्हणजे घड्याळाच्या भाषेत सहा वाजण्याच्या जागी, सुमारे अर्धा इंच लांबीची, मऊ कडांची, लालसर चीर दिसली. बाहेरच्या टोकाला त्वचेचा कोंब नव्हता. तेथेच आम्ही थांबलो. बोट घातले नाही, गुददर्शक यंत्र तर नाहीच. ताज्या परिकर्तिकेत बोट घालणे ही रुग्णाला दिलेली शिक्षा असते. तिच्यातून नवे काही कळत नाही आणि रुग्ण परत येत नाही. पुरेसा उजेड आणि दोन मिनिटांचा धीर एवढीच साधने येथे लागतात. आमच्या व्यवसायात संकोचामुळे हे पाहणेच टाळले जाते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. स्त्री रुग्णाच्या बाबतीत परिचारिका अथवा नातेवाईक स्त्री सोबत असावी; पण परीक्षण टाळू नये.

चीर बहुतेक रुग्णांत पाठीकडील मध्यरेषेतच असते. स्त्रियांत, विशेषतः प्रसूतीनंतर, ती पुढच्या मध्यरेषेतही आढळते. कडा जाड व पांढरट, तळाशी पेशीचे आडवे तंतू दिसत असलेले, आणि बाहेरच्या टोकाला त्वचेचा छोटा कोंब, अशी चीर जुनी समजावी. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांपेक्षा अधिक काळ टिकलेल्या परिकर्तिकेचे हे रूप होय. हा कोंबच रुग्णाच्या बोटाला लागतो आणि तो ‘मूळव्याधीचा मोड’ म्हणून दाखवतो. क्षार लावून तो कोंब जाळण्याचे उद्योग आम्ही पाहिले आहेत. कोंब जातो, चीर राहते. मात्र चीर बाजूला, म्हणजे तीन किंवा नऊ वाजण्याच्या जागी असेल, एकापेक्षा अधिक असतील किंवा दुखतच नसेल, तर ती साधी परिकर्तिका नव्हे. त्यामागे क्षय, आतड्याचा दाहयुक्त व्याधी, फिरंग अथवा कर्करोग असू शकतो, आणि तेथे घरगुती उपचाराचा एकही दिवस घालवू नये.

येथे संहितेतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुश्रुताचार्यांनी अर्शाला निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिले. परिकर्तिकेला मात्र असा वेगळा निदानाध्याय नाही. ती भेटते चिकित्सास्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात, वमन-विरेचनाच्या व्यापदांमध्ये. क्षीण, मृदुकोष्ठी, मंदाग्नी किंवा रूक्ष व्यक्तीस अतितीक्ष्ण, अतिउष्ण, अतिलवण किंवा अतिरूक्ष औषध दिल्यास वात-पित्त प्रकुपित होऊन गुदात कातरल्यासारखी वेदना व दाह होतो, असा तेथील आशय आहे. चरकाचार्यांनीही सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या व्यापदांतच तिची गणना केली आहे. म्हणजे ज्या औषधाने परिकर्तिका उत्पन्न होते असे आचार्य सांगतात, तेच औषध आपण ‘मूळव्याध’ या शब्दाला भुलून परिकर्तिकेच्या रुग्णाला देत असतो. आमच्या वाळूजच्या रुग्णाची कथा ही त्या अध्यायातील कथाच होती. कठीण मलाने चीर पडली आणि दुप्पट मात्रेतील सोनामुखीने ती वाढवली. कारण वारंवार होणारे पातळ, दाहक मलप्रवर्तनही चिरेला तितकेच घातक असते. अर्शावरील अनेक योगांत चित्रक, भल्लातक, दंती, स्नुहीक्षीर यांसारखी तीक्ष्ण-उष्ण द्रव्ये असतात. शुष्क, वातकफप्रधान अर्शात त्यांना निश्चित स्थान आहे. चिरलेल्या त्वचेला ती सोसत नाहीत.

त्या रुग्णाचे चूर्ण व वटी आम्ही त्याच दिवशी बंद केली. उपचाराचे उद्दिष्ट त्यांना एका वाक्यात सांगितले: मल रोज एकदा, पिकलेल्या केळ्यासारखा मऊ पण बांधलेला व्हावा, कठीणही नको, पातळही नको. त्यासाठी रात्रीच्या जेवणानंतर पेलाभर कोमट दुधात दोन चहाचे चमचे गाईचे तूप दिले. सोबत इसबगोलाचा भुसा दोन चहाचे चमचे, २५० मि.ली. पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि त्यावर आणखी एक पेला पाणी प्यावे, असे सांगितले. इसबगोल देताना हे दुसऱ्या पेल्याचे सांगणे दुकानदार बंधूंनी कधीही विसरू नये. कमी पाण्यात घेतलेला इसबगोल पोटात फुगून मल उलट अडकवतो, आणि वृद्धांत तो घशातही अडकू शकतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांना तूप कोमट पाण्यासोबत द्यावे. मधुमेही व हृद्रोगी रुग्णांत तुपाचे प्रमाण त्यांच्या आहारात धरूनच ठरवावे.

भाकरी आम्ही परत सुरू करायला लावली. ज्वारीतील कोंडा हा मल मऊ ठेवणारा घटक आहे, आणि ती सोडून पाव-बिस्किटांवर जाणारा रुग्ण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. दोष भाकरीचा नव्हता, ठेच्याचा आणि पाण्याच्या अभावाचा होता. भाकरी दुधात किंवा पातळ वरणात कुस्करून, वर तूप घालून, सोबत दुधी, दोडका, पडवळ किंवा पालेभाजी, असा डबा ठरला. पाळीच्या आठ तासांत दीड लिटरची बाटली संपवायची, हेही ठरले.

दुसरा उपाय अवगाहाचा. रुंद टबात अथवा मोठ्या घमेल्यात कंबरेखालचा भाग बुडेल इतके कोमट पाणी घेऊन त्यात दहा ते पंधरा मिनिटे बसावे; दिवसातून दोन-तीन वेळा, आणि त्यातील एक वेळ शौचानंतर लगेच. पाणी मनगटाच्या आतील बाजूस सुखद वाटेल इतकेच गरम असावे. ज्या मधुमेही रुग्णांना पायांची संवेदना कमी आहे त्यांच्या पाण्याचे तापमान घरातील दुसऱ्याने तपासावे. नंतर मऊ कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. पाण्यात मीठ, तुरटी, जंतुनाशक द्राव किंवा पोटॅशियम परमँगनेटचे खडे घालू नयेत. न विरघळलेल्या खड्याने त्वचा भाजलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. परिकर्तिकेत साधे पाणी पुरेसे आहे, कारण येथे काम उष्णतेचे आहे. आकसलेली पेशी सैल होते आणि वेदना उतरते. स्रावी अर्शात मात्र पंचवल्कलाची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात उकळून, निम्मी उरवून, गाळून त्या पाण्यात मिसळल्यास कषाय रसाचा उपयोग होतो असा आमचा अनुभव आहे. अवगाहाने चीर लवकर भरते असे आम्ही म्हणणार नाही; वेदना कमी होते, आणि वेदना कमी झाली की रुग्ण शौच टाळत नाही, हा त्याचा खरा लाभ.

सुश्रुताचार्यांनी विरेचनजन्य परिकर्तिकेत शीत जलाचा परिषेक, दुधाचा आहार आणि यष्टिमधुसिद्ध तेलाचे अनुवासन सांगितले आहे. शीत आणि उष्ण यांत विरोध दिसतो, पण तेथील रुग्ण नुकत्याच झालेल्या तीक्ष्ण विरेचनाने दाहाक्रांत आहे. आमच्या रुग्णालाही जुलाबानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत आम्ही साध्या थंड पाण्याने धुण्यास सांगितले होते, आणि दाह उतरल्यावरच कोमट अवगाह सुरू केला. स्थानिक वापरासाठी यष्टिमधु तेलाचा कापसाचा छोटा पिचू झोपण्यापूर्वी चिरेवर बाहेरून ठेवायला दिला, आत ढकलायला नव्हे. मात्राबस्ती वेदना ओसरल्यावर, मऊ रबरी नळीने आणि वैद्याच्याच हातून द्यावी. कडक नळीने घरी केलेला प्रयोग नवी चीर पाडतो.

चौथ्या दिवशी शौचानंतरची वेदना अर्ध्या तासावर आली. बाराव्या दिवशी रक्त बंद झाले. या टप्प्यावर बहुतेक रुग्ण उपचार सोडतात आणि महिन्याभरात परत येतात. म्हणून आम्ही तूप व इसबगोल आणखी महिनाभर चालू ठेवले. पाचव्या आठवड्यात चीर भरलेली होती, आणि तेव्हा प्रथमच गुददर्शक यंत्राने परीक्षण केले. अकरा वाजण्याच्या जागी पहिल्या श्रेणीचा छोटा आभ्यंतर अर्शही दिसला! म्हणजे ‘मूळव्याध’ हा त्यांचा शब्द सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु त्यांना त्रास देणारी व्याधी ती नव्हती. दोन्ही व्याधी एकत्र असतील तर आधी चिरेचा उपचार करावा, हा आमचा क्रम आहे. अर्श थांबू शकतो.

केवळ अर्श असलेल्या रुग्णात घरगुती उपायांचा पाया तोच राहतो, म्हणजे मऊ मल, पुरेसे पाणी, न कुंथणे आणि शौचास पाच मिनिटांपेक्षा अधिक न बसणे. भ्रमणध्वनी घेऊन शौचगृहात अर्धा तास बसणारे तरुण रुग्ण आता नित्य दिसतात. त्यांना हे स्पष्ट सांगावे. चरकाचार्यांनी गौरविलेले ताक येथे उपयोगी आहे; ते ताजे, लोणी काढलेले, जिरे-सैंधव घातलेले आणि जेवणासोबत असावे. रक्त जात असता आंबट ताक देऊ नये. सुरण नीट शिजवून द्यावा. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीचे अर्श, म्हणजे जे बाहेर येत नाहीत किंवा येऊन आपोआप आत जातात, ते यावर पुष्कळदा शांत होतात. बोटाने आत ढकलावे लागणारे किंवा कायम बाहेर राहिलेले अर्श घरगुती उपायांनी आत जाणार नाहीत. त्यांना क्षारकर्म, क्षारसूत्र, बंधन अथवा शस्त्रकर्माचाच विचार करावा.

दुकानात मिळणाऱ्या मलमांविषयी थोडे. बधिरता आणणारे मलम शौचापूर्वी लावल्यास परिकर्तिकेच्या रुग्णाला आराम पडतो. स्टेरॉइडयुक्त मलम मात्र चीर भरण्यास अडथळा करते व त्वचा पातळ करते. ते आठवड्याच्या वर, वैद्यांच्या सल्ल्याविना, कोणालाही देऊ नये. सहा ते आठ आठवड्यांच्या योग्य उपचारानेही चीर भरली नाही, तर डिल्टियाझेमसारखे पेशी सैल करणारे मलम किंवा शस्त्रकर्म यासाठी शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

आणि आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी ५८ वर्षांच्या एका आजी ‘जुनी मूळव्याध’ म्हणून आल्या. वेदना नव्हती, रक्त होते. म्हणून आम्ही अर्श गृहीत धरला आणि बोटाने परीक्षण न करता अडीच महिने औषध दिले. रक्त मलावर नसून मलात मिसळलेले आहे, सोबत आव आहे आणि दिवसातून चार-पाचदा जाऊनही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, हे त्या सांगत होत्या. आम्ही ऐकत नव्हतो. शेवटी बोट घातले तेव्हा दोन इंचांवर टणक, खडबडीत, बोटाला रक्त लावणारी गाठ लागली. आभ्यंतर अर्श मऊ असल्याने बोटाला सहसा जाणवतच नाही; जे टणक लागते ते अर्श नव्हे. त्यांना त्याच दिवशी शल्यतज्ज्ञाकडे पाठवले. तेव्हापासून वेदनारहित रक्तस्रावाचा प्रत्येक रुग्ण पहिल्याच भेटीत बोटाने तपासल्याविना आम्ही औषध लिहीत नाही.

आपल्या शहरात घाटी रुग्णालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय दोन्ही आहेत. चिठ्ठी लिहिण्यास एक मिनिट लागते. चाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसणे, वजन घटणे, शौचाची सवय बदलणे, काळा मल, पांडुता, अथवा ताप व ठणक्यासह गुदाजवळ सूज येणे, यांपैकी एकही गोष्ट ग्राहकाने सांगितली तर दुकानदार बंधूंनी चूर्णाची डबी फडताळावरून खाली काढू नये. गर्भिणीला सोनामुखीचे चूर्ण स्वतःहून देऊ नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाने रक्त दिसले म्हणून त्या आपल्या मनाने थांबवू नयेत. त्याला त्या गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांकडेच पाठवावे.

आमचे वाळूजचे रुग्ण पुढच्या चैत्रात पुन्हा आले होते. या वेळी स्वतःसाठी नव्हे, तर पाळीतील एका सहकाऱ्याला घेऊन. सहकाऱ्याने खुर्चीवर नीट टेकूनच सांगितले, ‘मूळव्याध आहे, रक्ताचे थेंब पडतात, पण दुखत नाही.’ त्याला आम्ही आतल्या खोलीत घेतले आणि हातमोजा काढला.